पीठ मुरण्यापूर्वी

आमच्या दिवाळी अंकातील सिंगापूरच्या पार्श्वभूमीवरील दीर्घकथेविषयी वाचकांमध्ये दोन तट पडलेले दिसतात. एका पक्षाला ती डोळ्यांत पाणी आणणारी वाटली; दुसऱ्या पक्षाच्या मते ती फराळाच्या पदार्थावर लिहिलेली लांबलचक पाककृती आहे. दोन्ही मते ऐकल्यावर आम्ही ती कथा पुन्हा एकवार सावकाश वाचली, आणि आमचे मत या दोहोंपेक्षा निराळे झाले. कथेतला जो भाग रडवतो तो तिचा दुबळा भाग आहे. आणि ज्याला पाककृती म्हणून हिणवले गेले तोच तिचा कणा आहे.

कथावस्तू थोडक्यात सांगावयाची तर अशी. साताऱ्याकडील एक मध्यमवयीन गृहिणी पतीच्या नोकरीनिमित्त बरीच वर्षे सिंगापुरात राहत आहे. लेखिकेने तिला नाव दिलेले नाही. कथेतील सारी माणसे तिला ‘काकू’ म्हणतात. पतीची निवृत्ती जवळ आली आहे आणि डिसेंबरात साताऱ्याच्या घरी परतावयाचे ठरले आहे. मधल्या काळात काकूंनी केक करण्याचे रीतसर शिक्षण घेतले आहे, विजेची मोठी भट्टी घेतली आहे, आणि शेजारच्या चिनी व मलय कुटुंबांना नारळाचे केक विकून पाहावेत असा त्यांचा बेत आहे. साताऱ्यास गेल्यावर हाच व्यवसाय वाढवावयाचा, अशी या बेताची दुसरी बाजू. इतक्यात २०२३ सालचा अधिक श्रावण येतो. जावयाला वाण द्यावयाचे म्हणून काकू तेहतीस अनारसे करतात. त्या ताटाचे छायाचित्र मुलगी काढते आणि समाजमाध्यमावर टाकते. दुसऱ्या दिवसापासून काकूंचा फोन थांबत नाही. बँकेत काम करणारा एक नागपूरकर, बार्शीची एक विद्यार्थिनी, मुलाकडे राहावयास आलेले एक वृद्ध दांपत्य, अशी ओळखपाळख नसलेली माणसे ‘काकू, आम्हालाही’ म्हणू लागतात. केकचा बेत मागे पडतो, भट्टीवर कापड पडते, आणि अखेरीस डिसेंबरचे परतणेही रहित होते.

अनारसा हा पदार्थ लेखिकेने निवडला यातच तिची अर्धी जीत आहे. लाडू किंवा चकली असती तर ही कथा झाली नसती. चकली आज मागितली तर आज होते. अनारशाचे तसे नाही. तांदूळ धुऊन तीन दिवस भिजत घालावयाचे, पाणी रोज बदलावयाचे. चौथ्या दिवशी उपसून पंचावर सावलीत पसरावयाचे, आणि ते पुरते वाळण्याआधीच, हाताला किंचित ओल लागत असताना, कुटून बारीक चाळणीने चाळावयाचे. मग वजनाला वजन किंवा त्याहून थोडा कमी किसलेला गूळ, जरासे तूप, आणि सारे एकजीव मळून गोळे डब्यात दाबून ठेवावयाचे. त्यानंतर निदान चार-पाच दिवस त्याला हात लावावयाचा नाही. या दिवसांत गुळाला पाणी सुटते, पिठाचा कण न् कण ते पिऊन घेतो, आणि कोरडे भासणारे पीठ लोण्यासारखे मऊ होते. यालाच आपल्या बायका ‘पीठ मुरले’ म्हणतात. म्हणजे मागणी आणि पदार्थ यांत आठ-दहा दिवसांचे अंतर असतेच. आणि ते अंतर पैशाने अगर निकडीने तुटत नाही.

कथेतील खरा झगडा येथे आहे. फोनवर मागणी करणारा मनुष्य ‘उद्या संध्याकाळी न्यावयास येऊ का?’ असे विचारतो. त्याला अनारसा आठवतो. त्याचे पीठ आठवत नाही. लहानपणी तो ताटात आलेला पदार्थ त्याने खाल्ला, त्यामागचे दहा दिवस आईचे होते. घरच्या ओढीची ही मोठी चमत्कारिक बाजू लेखिकेने एका ओळीत टिपली आहे. नागपूरकर घाई करू लागतो तेव्हा काकू त्याला शांतपणे म्हणतात, ‘तांदूळ आज भिजवते, तुम्ही पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी या.’ तो अवाक् होतो. या संवादावर लेखिका कोणतेही भाष्य करीत नाही, हे तिने फार चांगले केले.

परमुलखातल्या अडचणीही तिने जाणून लिहिल्या आहेत. पहिल्या खेपेस काकू घरात असलेला थायी सुवासिक तांदूळ वापरतात आणि घाणा बिघडतो. असे होणारच, तो तांदूळ शिजला की मऊ व चिकट होणारा, आणि अनारशाला तर जुना, मोकळा होणारा जाड तांदूळ लागतो. मग त्या सेरंगून रस्त्यावरील तमिळ दुकानात जाऊन पोन्नीचा कच्चा तांदूळ आणतात. उकडा तांदूळ दिसावयास तसाच, पण तो चालत नाही; दुकानदारीण त्यांना पोत्यातले दाणे हातावर घेऊन दोहोंतला फरक दाखविते. सिंगापूरची हवा बारमाही दमट व उष्ण. त्यामुळे भिजवणाचे पाणी लवकर आंबते व त्याला वास येऊ लागतो. काकू ते दिवसातून दोनदा बदलतात. तांदूळ वाळत घातले तर दिवसभर ओलेच राहतात, आणि वातानुकूलित खोलीत पसरले तर तासाभरात खडखडीत होतात. शेवटी पंख्याखाली पसरून, दर पाव तासाने मूठ दाबून पाहावयाची ही युक्ती त्यांना सापडते. ज्याने हे केले नाही त्याला असे लिहिता येणार नाही.

आणि मग तो हसलेला अनारसा! आमच्या तरुण वाचकांपैकी काहींना हा शब्दप्रयोग ठाऊक नसेल म्हणून सांगतो. अनारसा तुपात सोडला की जाळी पडून फुलण्याऐवजी तो पसरत जातो, त्याचे तुकडे होऊन कढईभर तरंगू लागतात. तेव्हा तो ‘हसला’ असे म्हणतात. गूळ जास्त झाला, पिठात ओल अधिक राहिली, किंवा तूप पुरेसे तापले नाही, म्हणजे असे होते. जाणती बाई प्रथम एकच अनारसा तळून पाहते. तो हसला तर बाजूस राखून ठेवलेली थोडी तांदळाची पिठी गोळ्यात मिसळते. उलट तो कडक होऊन जाळी पडली नाही, तर थोडे पिकलेले केळे किंवा चमचाभर दूध घालून मळते. कथेत पहिल्या मोठ्या मागणीच्या दिवशीच घाणा हसतो. काकू कढईकडे पाहत उभ्या राहतात, आणि त्या वेळी दारावरची घंटा वाजते. पदार्थ हसतो आहे, करणारीला रडू येते आहे, आणि दारात गिऱ्हाईक उभे आहे. मराठी भाषेने आयती हाती दिलेली ही विसंगती लेखिकेने ताणली नाही, एवढ्यासाठी आम्ही तिला मनापासून दाद देतो.

खसखशीचा प्रसंग हा आमच्या मते संपूर्ण कथेतील सर्वोत्तम प्रसंग होय. अनारसा थापावयाचा तो खसखशीवर. खसखशीची बाजू वर ठेवून तो तुपात सोडावयाचा, उलटावयाचा नाही, आणि झाऱ्याने वर तूप उडवीत तळावयाचा. परंतु सिंगापुरात खसखस आणणे, बाळगणे, विकणे हे सारेच निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या बोंडातील बी असून तिच्यात मॉर्फिनचा अंश राहू शकतो. काकू आरंभी रव्यावर थापतात, पुढे पांढऱ्या तिळांवर. गिऱ्हाईक खातात, वाहवा करतात, आणि मग हळूच म्हणतात, ‘बाकी सगळं घरच्यासारखं आहे, फक्त खसखस...’ वृद्ध गृहस्थ तर पुढल्या खेपेस येताना सामानातून पुडी आणण्याचे वचन देतात. काकू त्यांना प्रथमच आवाज चढवून सांगतात, की ‘आबा, पुडी आणलीत तर मी तुमच्यासाठी पुन्हा अनारसा तळणार नाही.’ घरची आठवण माणसाला कोणत्या थरापर्यंत बेजबाबदार करू शकते, आणि तिच्यापुढे नाही म्हणण्याचे काम अखेर कोणाच्या वाट्याला येते, हे येथे जितके स्पष्ट झाले आहे तितके नंतरच्या अश्रुपूर्ण पृष्ठांत झालेले नाही. ही गिऱ्हाईके वाईट माणसे नव्हेत. पण ती काकूंचा अनारसा खात नसून आपल्या स्मरणातल्या अनारशाशी तो ताडून पाहत आहेत. आणि त्या तुलनेत हाताशी असलेला पदार्थ नेहमीच थोडा उणा ठरावयाचा.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष हिशेबाचा आहे, आणि आमचे बहुसंख्य वाचक सरकारी हिशेबांत मुरलेले असल्याने तो त्यांच्या नजरेतून सुटला नसेल. अधिक महिन्यात एकवीस कुटुंबे प्रत्येकी तेहतीस अनारसे मागतात, असे कथेत आहे. हे झाले सहाशे त्र्याण्णव. एक किलो तांदळाचे गुळासह पीठ होऊन त्यातून साधारण सत्तर अनारसे निघतात असे धरले, तरी दहा किलो तांदूळ भिजवावा लागेल. हे शक्य आहे. पण घरगुती कढईत एका वेळी दोनच अनारसे नीट तळता येतात, आणि मंद आचेवर त्यांना तीनेक मिनिटे लागतात. म्हणजे नुसत्या तळणीसाठीच सतरा तासांहून अधिक वेळ. थापणे, निथळण्यासाठी चाळणीत उभे लावून ठेवणे, डबे भरणे हे त्याखेरीज. कथेतील काकू हे सारे ‘एका दुपारी’ उरकतात! ज्या लेखिकेने तांदूळ वाळण्याचा पाव तास मोजला तिने तळणीचे सतरा तास सोडून द्यावेत, हे नवल आहे. त्या सतरा तासांत काकूंच्या पाठीचे, डोळ्यांचे, त्यांच्या पतीच्या वाढत्या मौनाचे काय होते, हे कळले असते तर बेत का बदलला हेही आपोआप कळले असते.

दुसरा दोष याहून गंभीर आहे, कारण कथेचा उत्तरार्ध त्यावरच उभा आहे. मागण्या वाढल्यावर काकू शेजारच्या इमारतीतील एका बाईंना रोज दुपारी पगारावर मदतीस बोलावतात, आणि त्या मदतीच्या बळावर व्यवसाय वाढतो, असे दाखविले आहे. सिंगापुरात राहत्या घरातून लहान प्रमाणात खाद्यपदार्थ करून विकण्यास मुभा आहे. परंतु त्याची एक मुख्य अट अशी, की काम त्या घरात राहणाऱ्या माणसांनीच करावयाचे, बाहेरून नोकर आणावयाचा नाही. दारावर पाटी लावता येत नाही, कारखान्यासारखी यंत्रे बसविता येत नाहीत. घर हे घरच राहिले पाहिजे, हा त्यामागील हेतू. तेव्हा मदतनीस बाईंचे ते सबंध प्रकरण नियमाबाहेरचे ठरते. आम्ही हे केवळ कायद्याची चूक दाखविण्यासाठी सांगत नाही. ललित लेखकाने नियमपुस्तिका पाठ करावी असा आमचा आग्रह नाही. पण खसखशीच्या बाबतीत जो नियम लेखिकेने कथेत आणला त्याने तिला एक जिवंत प्रसंग दिला. हा दुसरा नियम आणला असता तर त्याने तिला कथेचा शेवट दिला असता. मग काकूंपुढे दोनच हात उरले असते, स्वतःचे. मागणी करणारे वाढत आहेत आणि हात वाढू शकत नाहीत, अशा कोंडीत ‘नाही’ कोणाला म्हणावयाचे हा प्रश्न टाळता आला नसता. लेखिकेने पगारी बाई आणून तो टाळला.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट कथेत मुळातच होती, हे पाहून तर आम्हास हळहळ वाटते. बार्शीची ती विद्यार्थिनी एका संध्याकाळी येते आणि विचारते, ‘काकू, मला तळलेले नकोत. नुसतं मुरलेलं पीठ द्याल? मी खोलीवर तळीन.’ काकू तिला डबाभर पीठ देतात, आणि कथा तीन ओळींत पुढे निघून जाते. आमच्या मते ही मुलगी या कथेतील सर्वांत महत्त्वाचे पात्र आहे. मुरलेले पीठ घट्ट दाबून शीतकपाटात ठेवले तर महिनाभर सहज टिकते. तळलेला अनारसा डब्यात हेलकावे खाऊन मोडतो, पिठाचा गोळा मोडत नाही. पुण्या-मुंबईत अनारशाचे तयार पीठ दुकानांतून विकत मिळते ते याच कारणाने. काकूंचे सतरा तास वाचतात, दहा दिवसांचे अंतरही नाहीसे होते, कारण पीठ आधीच मुरवून ठेवता येते. पण त्याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. बाकीची गिऱ्हाईके काकूंना आपली आई समजतात. ही मुलगी आपल्या आईचे काम शिकू पाहते. तिचा पहिला अनारसा हसणार, दुसरा करपणार, तिसऱ्याला जाळी पडणार. खोलीवरच्या लहानशा चुलीपुढे उभी असलेली ही मुलगी लेखिकेने पुन्हा दाखवावयास हवी होती. त्याऐवजी तिने आपल्याला विमानाचे रद्द झालेले तिकीट आणि गिऱ्हाईकांच्या ओल्या डोळ्यांचे एक लांब दृश्य दिले आहे.

ते तिकीट रद्द होणे आम्हास पटत नाही, हे येथे स्पष्टच सांगावयास हवे. ज्या बाईला दोन वर्षे केक शिकण्याची उमेद होती, जिने भट्टी आपल्या पैशाने घेतली, तिचा बेत इतरांच्या आठवणींनी बदलावा हे खरे वाटू शकते, असे घडते. पण तो बदलताना तिचे काय गेले याचा विचार कथेत कोठेही नाही. भट्टीवर कापड पडते त्या वाक्यानंतर भट्टीचा उल्लेखच नाही. गिऱ्हाईकांना आपले घर परत मिळाले. काकूंचे साताऱ्याचे घर मात्र आणखी लांबले, आणि ही गोष्ट कथेतल्या एकाही पात्राच्या लक्षात येत नाही. ती लेखिकेच्या तरी लक्षात आली आहे काय, अशी शंका येते. आली असती तर हीच कथा कितीतरी कठोर आणि कितीतरी चांगली झाली असती.

आणखी एका जागी लेखिका हाती आलेले सोने टाकून पुढे गेली आहे, आणि ही जागा आमच्या वाचकांना विशेष जाणवेल. पोन्नी तांदूळ देणारी ती तमिळ दुकानदारीण काकूंनी तांदूळ कशासाठी हवा ते सांगितल्यावर हसते आणि म्हणते, ‘अधिरसम!’ काकूही हसतात, आणि प्रसंग संपतो. वास्तविक अधिरसम हा अनारशाचा सख्खा भाऊ. तोही कच्च्या तांदळाच्या ओलसर पिठीचा आणि गुळाचा. फरक इतकाच की तेथे गुळाचा पाक करून त्यात पिठी घालतात, वरून खसखस नसते, आणि तो दोन्ही बाजूंनी तळतात. आपल्यापैकी जे कटक-भुवनेश्वरकडे नोकरीस होते त्यांनी हाच पदार्थ अरिसा पिठा या नावाने खाल्ला असेल. हैदराबाद-विजयवाड्याकडे तो अरिसेलु म्हणून ओळखला जातो, आणि गयेकडे तर नावही अनरसाच. बदलीच्या गावी परक्याच्या घरी सणाला गेलेला आपला एखादा अधिकारी ताटातल्या त्या पदार्थाकडे पाहून कसा थबकला असेल, याची कल्पना आमच्या वाचकांना वेगळी द्यावयास नको. ‘हा तर आमचा’ हे त्याचे पहिले उद्गार. आणि यजमानीण म्हणते, ‘नाही, हा आमचा.’

कथेतील गिऱ्हाईकांना नेमका हाच अनुभव मिळत नाही. खसखशीवाचूनचा अनारसा त्यांना अपुरा वाटतो, आणि काकूंच्या घरापासून थोड्याच अंतरावर, सेरंगून रस्त्यावर, खसखशीवाचूनच पूर्ण मानलेला त्याचा भाऊ दीपावलीच्या दिवसांत विकला जात असतो. आबांना तो एकदा खाऊ घालावयास हवा होता. त्यांनी नाक मुरडले असते की दुसरा मागितला असता, हे आम्ही सांगू शकत नाही. पण पुडी लपवून आणण्याच्या गोष्टी बोलणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर त्या क्षणी काय उमटले असते, ते वाचावयास आम्ही आनंदाने आणखी दहा पाने वाचली असती.

भाषेविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. संवाद सातारी वळणाचे आणि नेमके आहेत; निवेदनात मात्र ‘मायेचा ओलावा’, ‘मातीचा गंध’ असले शब्द वारंवार येतात, आणि जेथे जेथे ते येतात तेथे तेथे लेखिका प्रत्यक्ष पाहावयाचे थांबली आहे असे खुशाल समजावे. तांदळाची मूठ दाबून पाहणाऱ्या पानांवर यातला एकही शब्द नाही.

ही कथा पुढेमागे संग्रहात जाईल असे कळते. त्यापूर्वी लेखिकेने मदतनीस बाईंचा परिच्छेद काढावा, तळणीची ‘दुपार’ दुरुस्त करावी, आणि बार्शीच्या मुलीला परत बोलवावे. कालाची सोयही पंचांगाने करून ठेवलेली आहे. अधिक श्रावणानंतरचा अधिक महिना २०२६ चा ज्येष्ठ. तो १७ मे रोजी सुरू होतो. त्याआधी दहा दिवस कोणीतरी तांदूळ भिजत घातले पाहिजेत, आणि ते काकूंनीच घालावेत असे नाही.